अनोळखी नाव पुन्हा विचारणं आणि पुढे नीट उच्चारणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी पुण्यात आलेल्या अमराठी लोकांना मी बोलायचं मराठी शिकवते. कोथरूडमध्ये संध्याकाळचा वर्ग असतो आणि दर दोन-अडीच महिन्यांनी नवी तुकडी येते. पहिला दिवस नावं समजून घेण्यातच जातो. इतकी वर्षं हे केल्यावर लक्षात आलं, की प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा आपल्याच मंडळींना जास्त पडतात. सोसायटीचे सेक्रेटरी, ऑफिसात टीम सांभाळणारे, शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई असे बरेच जण विचारतात. त्यांचेच प्रश्न इथे घेतले आहेत. माझ्या वर्गात तमिळ मुलंमुली बरीच असतात, त्यामुळे उदाहरणंही बहुतेक तमिळ नावांची आहेत. शिवाय मराठी माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तोही तिथेच, आणि खरं तर तिथे त्याने अडखळायचं काहीच कारण नाही.

नाव कळलं नाही तर सरळ "काय?" म्हटलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण उपयोगही होत नाही. "काय?" ऐकलं की समोरच्याला वाटतं, आवाज पोचला नाही. मग तो तेच नाव तितक्याच वेगाने, फक्त मोठ्याने सांगतो. ऐकू तर आधीही आलेलं असतं. अडचण ही असते की कानावर पडलेल्या आवाजाला डोक्यात ठेवायला खण नसतो. "संदीप" ऐकलं की तो तयार खणात जाऊन बसतो, "कयल्विऴी" कुठे बसवायचं ते कळत नाही.

म्हणून जेवढं हातातून निसटलं तेवढंच विचारा. "कयल... पुढे काय म्हणालात?" अर्धं नाव तुम्ही बरोबर पकडलं हे त्या व्यक्तीला कळतं आणि ती नेमका उरलेला भाग जपून सांगते. सगळंच निसटलं असेल तर स्वतःच्या कानावर घ्या : "माझ्या कानाला सवय नाही, परत एकदा सांगता का? मला नीट म्हणायचंय." यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की समोरचा सुटसुटीत करून सांगतो किंवा "जाऊ द्या, आर. म्हणा" असं म्हणून मोकळा होतो.

"जरा सावकाश सांगा" म्हणावं का?

म्हणावं, पण तेवढ्यावर थांबू नये. सावकाश सांगताना कोणीही आपलं नाव ताणतं. ऱ्हस्व अक्षरं दीर्घ होतात, नसलेले थांबे येतात. तुम्ही तेच पाठ केलंत तर पुढे कायम कोणी शुद्धलेखन घालतंय अशा थाटात त्या माणसाला हाक माराल. मी तीनदा ऐकते. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, मग तुकडे पाडून, आणि मग पुन्हा नेहमीच्या वेगाने. तुकड्यांमधून अक्षरं कळतात आणि शेवटच्या खेपेला त्यांची चाल कळते. या सगळ्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

ऐकण्यापेक्षा स्पेलिंग विचारून घेणं सोपं नाही का?

इथेच तर घोळ होतो. बहुतेक चुका कानाने होत नाहीत, गळ्यातल्या ओळखपत्रावरचं किंवा ईमेलमधलं इंग्रजी स्पेलिंग वाचून होतात.

रोमन अक्षरांत भारतीय नावं लिहिण्याची प्रत्येक प्रांताची रीत वेगळी आहे. आपल्याकडे `t` हा त आणि ट दोन्हींसाठी चालतो आणि `th` म्हणजे थ. तमिळनाडूत आणि एकूणच दक्षिणेत `th` म्हणजे बहुधा साधा त असतो, कारण नुसता `t` त्यांनी ट साठी राखून ठेवलाय. `Latha` म्हणजे आपली लताच, `Kavitha` म्हणजे कविता. पण पुण्याच्या ऑफिसात बसून त्यांना "लथा" आणि "कविथा" म्हणणारे लोक मी स्वतः ऐकलेत. ज्या नावाच्या चार मैत्रिणी आपल्याला शाळेत होत्या तेच नाव आपण परकं करून टाकतो.

आणखी एक खोच आहे. तमिळमध्ये दोन स्वरांच्या मध्ये आलेला त बोलताना मऊ होतो आणि आपल्या कानाला द सारखा ऐकू येतो. `Kathir` हे नाव घ्या. स्पेलिंग वाचून आपण "कथिर" म्हणू, वरचा नियम लावून "कतिर" म्हणू, आणि तो स्वतः "कदिर" म्हणत असतो. उलट मिझो नावातला `th` खरोखरच थ असतो. तेव्हा `th` दिसला की थांबायचं आणि कानाला विचारायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बुद्धिबळातल्या `Praggnanandhaa` या स्पेलिंगमधला `dh` सुद्धा साधा दच आहे. ते नाव देवनागरीत लिहून पाहिलं की आपल्या ओळखीचे प्रज्ञा आणि आनंद समोर येतात.

`zh` असलेली नावं कशी म्हणायची? झ, ज, य, काय?

यांतलं काहीच नाही. मराठी माणसासाठी उत्तर ळ आहे.

तमिळ आणि मल्याळममध्ये एक अक्षर आहे, तमिळ लिपीत ழ. रोमनमध्ये ते `zh` असं लिहितात. देवनागरीत त्याच्यासाठी ळ खाली टिंब दिलेलं ऴ हे अक्षर आहे, फोनच्या मराठी कीबोर्डवर ते बहुधा सापडत नाही ही गोष्ट वेगळी. उच्चार करताना जिभेचं टोक ळ साठी वळवतो तसंच मागे वळवायचं, पण टाळूला लावायचं नाही. टाळूच्या जवळ नेऊन तिथेच अधांतरी ठेवायचं आणि आवाज सोडायचा. "बाळ" म्हणताना जीभ टाळूला लागून सुटते ते जाणवतं. तीच जीभ न लावता म्हणून बघा. जे काही र आणि ळ यांच्या मधलं, घरंगळल्यासारखं येईल, ते ऴ च्या बरंच जवळ असेल.

नाही जमलं तर ळ म्हणा. तमिळनाडूच्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत खुद्द तमिळ लोक रोजच्या बोलण्यात ऴ चा ळ करतात, त्यामुळे ळ ऐकून कोणी दचकत नाही. झ मात्र त्यांच्या भाषेत कुठेच नाही.

आता गंमत बघा. त्या भाषेचं नावच मुळात "तमिऴ" आहे, स्पेलिंगमध्ये `Tamizh` किंवा `Thamizh`. आणि आपण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या काय म्हणतो? तमिळ! हिंदीत "तमिल" झालं, आपण ळ ठेवला. म्हणजे कानाने ऐकून घेतलं तेव्हा आपल्याला बरोबर जमलं होतं. पण तेच अक्षर इंग्रजी पाटीवर वाचायची वेळ आली तेव्हा आपण "कोझिकोड" लिहायला लागलो. कोऴिक्कोड हे केरळातलं गाव, जुन्या इंग्रजी कागदांतलं कालिकत. ते "कोळिकोड" म्हणायला आपल्याला काहीच कष्ट नव्हते.

एखादं नाव पहिल्या भेटीपासून कसं पक्कं केलं, ते सांगाल का?

मागच्या एका तुकडीत याऴिनी होती. (या नावाच्या मुली तमिळनाडूत पुष्कळ आहेत, त्यामुळे ती कोण ते कळायचं नाही.) यादीत लिहिलं होतं `Yazhini R.` मी जे वर लिहिलंय ते सगळं मला ठाऊक असूनही वर्गाच्या गडबडीत मी यादी वाचली आणि म्हणाले, "याझिनी आर?" मागच्या बाकावरून अर्धाच हात वर झाला. अर्धा हात म्हणजे "मीच ती, पण नाव माझं नाही."

मी यादी उलटी करून टेबलावर ठेवली. "माझं वाचताना चुकलं. तुम्ही सांगा बरं." ती म्हणाली, "चालेल मॅडम, ऑफिसमध्येही सगळे तेच म्हणतात." मी म्हटलं, "तुमची आई काय म्हणते?" तेव्हा ती हसली आणि एकदम वेगात नाव सांगून गेली. मला "या" कळला, "नी" कळला. मधलं निसटलं. "या... मधलं परत एकदा?" तिने सांगितलं. मला "ळि" ऐकू आलं आणि ऴ असणार हे स्पेलिंगवरून लक्षात आलं. स्पेलिंगचा उपयोग आहे तो इथे, ऐकून झाल्यानंतर ताडून बघायला.

मग मी फळ्यावर दोन नावं लिहिली, "यळिनी" आणि "याळिनी", आणि दोन्ही मोठ्याने म्हणून विचारलं, यातलं कुठलं? ती लगेच म्हणाली, दुसरं. पहिलं अक्षर दीर्घ होतं, आणि रोमन `a` वरून ते कधीच कळलं नसतं. मी नुसतं "यळिनी, बरोबर?" असं विचारलं असतं तर ती नक्की "हो हो" म्हणाली असती.

शेवटी तिनेच मला ऴ शिकवला. माझी जीभ टाळूला लागत होती, ती मान हलवत होती. चौथ्या खेपेला तिची मान थांबली. मग मी त्या तासात तीन वेळा तिला नावाने विचारलं : याऴिनी, खिडकी लावता का? याऴिनी, हे वाक्य वाचा. असं वाक्यात घालून म्हणणं महत्त्वाचं, कारण सुटं नाव म्हणताना जीभ सावध असते आणि वाक्यात आलं की बेसावध होते.

एवढं करून दोन आठवड्यांनी मी तिला "यामिनी" म्हटलं! त्याचं कारण पुढे येतंच.

त्यांनी "हो, चालेल" म्हटलं म्हणजे आपला उच्चार बरोबर झाला ना?

"चालेल" म्हणजे चुकलाय. बरोबर झालेल्या उच्चाराला कोणी चालेल म्हणत नाही. तेव्हा चेहरा उजळतो, "हां!" येतं किंवा माणूस सरळ पुढच्या विषयावर जातो. "चालेल", "ऑलमोस्ट", "काही हरकत नाही", खांदे उडवणं, हे सगळे सभ्य नकार समजा. नवीन गावात आलेला माणूस पहिल्याच भेटीत सोसायटीच्या चेअरमनला तिसऱ्यांदा कशाला दुरुस्त करेल?

म्हणून "बरोबर का?" न विचारता दोन पर्याय द्यावेत. "कार्तिक की कार्थिक?" असं विचारलं की त्याला तुम्हाला चूक म्हणावं लागत नाही, नुसतं निवडावं लागतं.

ऐकलेलं नाव लिहून कसं ठेवायचं?

देवनागरीत आणि लगेच. फोनमध्ये नंबर जतन करताना नाव देवनागरीत टाका. एवढी एक सवय बाकीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठी आहे. आपल्या लिपीत त-ट, न-ण, ल-ळ, ऱ्हस्व-दीर्घ सगळं वेगळं दाखवता येतं, रोमनमध्ये येत नाही.

पण देवनागरी वाचताना मराठी जीभ दोन खोड्या करते. पहिली म्हणजे आपण मधला आणि शेवटचा अ खातो. "करवत" लिहितो आणि "कर्वत्" म्हणतो. `Thamarai` हे तमिळ नाव आहे, अर्थ कमळ. ते "तामरै" असं लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी तुम्ही "ताम्‌रै" वाचणार. तिथे म पूर्ण आहे. म्हणून मी लिहिताना आडव्या रेघा मारते, ता-म-रै. आणि जिथे अक्षर खरंच पाय मोडलेलं असेल तिथे तसा पाय मोडते.

दुसरी खोड च, ज आणि झ यांची. आपल्याकडे "जहाज" मधला ज वेगळा आणि "जेवण" मधला वेगळा, लिहायला मात्र एकच. "जावेद" हे नाव "जावई" सारखं वाचलं की झालंच. तिथे ज हा "जीव" मधला हवा. मी "जहाज" मधल्या ज ला खाली टिंब देते, "जीव" मधल्याला देत नाही. तुम्ही हवी ती खूण करा, फक्त स्वतःला कळेल अशी.

एकदा शिकलेलं नाव नंतर बिघडतं कसं?

डोकं त्याला ओळखीच्या नावाकडे ओढतं. याऴिनीची यामिनी झाली ती अशी. कदिरचा कबीर होतो. घाई असली, थकवा असला की हमखास. पहिल्या दिवशी आपण सावध असतो म्हणून जमतं, खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असते.

यावर उपाय म्हणजे नाव कुठे घसरतं ते ओळखून ठेवणं. माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं, "यामिनी नव्हे." हास्यास्पद वाटेल, पण उपयोगी पडतं. दुसरं म्हणजे भेटायच्या आधी एकदा, जिन्यात किंवा लिफ्टमध्ये, मोठ्याने म्हणून घ्यावं. मनातल्या मनात म्हणून भागत नाही, मनात जीभ कधीच अडखळत नाही.

चूक झालीच तर माफी कशी मागायची?

"यामिनी, सॉरी, याऴिनी, ते पुस्तक देता का?" बस, एवढंच. पाच मिनिटं हळहळलात तर तिलाच तुमची समजूत घालत बसावं लागतं.

सहा महिने झाले, रोज भेटतो, आणि आता कळलं की आपण चुकीचं नाव म्हणतोय. आता विचारायला लाज वाटते.

वाटणारच. तरी विचारा, पण एकटे असताना, चहाच्या टपरीवर वगैरे. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नको. "इतके दिवस मी तुमचं नाव पाटीवर वाचून म्हणतोय. तुम्ही स्वतः कसं म्हणता?" "बरोबर कसं आहे?" यापेक्षा "तुम्ही कसं म्हणता?" हा प्रश्न बरा, कारण त्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडेच आहे. बंगाली लोकांच्या बाबतीत हे फार लागू पडतं. घरी "ओमित" असलेला माणूस पुण्यात स्वतःच स्वतःला अमित म्हणून ओळख करून देतो आणि त्याला तेच हवं असतं. तिथे आपण हौसेने ओमित म्हणायला जाऊ नये.

"किती अवघड नाव आहे हो!" हे कौतुकाने म्हटलेलं चालतं का?

नाही. आणि पहिल्याच दमात "अर्थ काय?" हेही नको. अर्थ विचारणं वाईट नाही. याऴ हे जुनं तमिळ तंतुवाद्य, हे मला याऴिनीनेच सांगितलं आणि आम्ही त्यावर दहा मिनिटं बोललो. पण ते नाव नीट म्हणता आल्यावर. नाव धड न म्हणता अर्थ विचारणं म्हणजे चपला न काढता देवघरात शिरण्यासारखं आहे.

"सोपं काही नाही का?" हे तर विचारूच नका. आपल्या ज्ञानेश्वरला उत्तरेत "ग्यानेश्वर" म्हणतात तेव्हा आपण किती कपाळाला आठ्या घालतो ते आठवा.

आणि त्यांनी स्वतःच "मला राज म्हणा" असं सांगितलं तर?

तर राज म्हणा. पूर्ण नाव काय ते एकदा विचारून ठेवायला हरकत नाही, पण "नाही नाही, मी तुमचं खरं नावच घेणार" हा हट्ट धरू नये. काट मारायचा अधिकार नावाच्या मालकाला आहे, आपल्याला नाही.

आपण स्वतः छाटलं की काय होतं याचं उदाहरण मिझो नावांत आहे. बरीच मिझो नावं "लाल" ने सुरू होतात, कारण लाल म्हणजे सरदार किंवा प्रमुख. आमच्याकडे कोणी सोयीसाठी एका मुलाला "लाल" हाक मारायला लागला. पुढच्या तुकडीत तीन मिझो विद्यार्थी आले आणि तिघेही लाल निघाले! मिझो नावांत शेवटचा स्वरही खाऊ नये. नाव आ ने संपलं तर साधारण पुरुषाचं आणि ई ने संपलं तर बाईचं असतं, त्यामुळे तो स्वर गाळला की मोठीच माहिती गळते. स्पेलिंगमधला `aw` तिथे ऑ सारखा म्हणायचा.

नाव झालं, आता आडनाव काय विचारू?

आधी आडनाव आहे का ते बघा. "नाव, वडिलांचं नाव, आडनाव" हा आपला तीन डब्यांचा डबा सगळीकडे चालत नाही. तमिळनाडूत बहुतेकांना आडनाव नसतं. `Yazhini R.` मधला आर. म्हणजे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. म्हणून "मिस आर." हा प्रकार हास्यास्पद होतो, आणि वडिलांचं पूर्ण नाव शेवटी लिहिलेलं असेल तर आपण मुलीला बापाच्या नावाने हाका मारत बसतो. विश्वनाथन आनंद यांच्या नावात विश्वनाथन हे वडिलांचं नाव आणि आनंद हे त्यांचं स्वतःचं.

मणिपुरी मैतेई नावात घराण्याचं नाव आधी येतं. साइखोम मीराबाई चानू यांच्यात साइखोम हे घराण्याचं नाव आहे. चानू हे आडनाव समजून "चानू मॅडम" म्हणणं म्हणजे आपल्याकडे कोणाला "कुमारी मॅडम" म्हणण्यासारखं.

सोपा प्रश्न असा : "तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारू?" सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आडनावाचा रकाना भरायचाच असेल तर तो मोकळा सोडा. टाचणी लावून कोणी परत पाठवत नाही.

`Ng` ने सुरू होणारी नावं?

"न्ग" किंवा "एन्जी" म्हणायचं नाही. तो आपला ङ आहे, मुळाक्षरांत पाठ करून विसरलेला. "वाङ्मय" शब्दातला "वाङ्" म्हणा आणि ङ वर थांबून नाकातून आवाज चालू ठेवा. आता "वा" गाळून तिथूनच सुरुवात करा, ङ, ङा. "रंग" म्हणताना जसा शेवटी ग येतो तसा मात्र येऊ द्यायचा नाही. दोन-तीन दिवस आंघोळ करताना म्हणालात तर बसतो.

फोनवर नाव कळतच नाही, तिथे काय करायचं?

फोनवर त-ट आणि स-फ हमखास गोंधळतात, आणि इंग्रजी स्पेलिंग घेतलं की पुन्हा वरचाच घोळ. समोरच्याला हिंदी येत असेल तर त्याला अक्षर विचारा : "तरबूज का त या टमाटर का ट?" दोघांनाही हसू येतं आणि काम होतं. हिंदी येत नसेल तर फोनवर हट्ट धरू नका. "भेटल्यावर नीट विचारून घेते" म्हणा आणि भेटल्यावर खरंच विचारा. किंवा व्हॉट्सअपवर स्वतःच्या आवाजात नाव पाठवायला सांगा. तरुण मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही, आणि तो आवाज पुन्हा ऐकायला राहतो.

काही आवाज माझ्या तोंडून निघतच नाहीत. मग?

मोठेपणी काही आवाज येत नाहीत, हे खरं आहे. पुण्यात शिकायला आलेल्या अरबी मुलांच्या नावात घशाच्या तळातून येणारा एक आवाज असतो, तो मला आजवर साधलेला नाही. तेव्हा मी सरळ सांगते, हे मला येत नाही, सगळ्यात जवळचं कुठलं ते तुम्ही सांगा. त्यांनी निवडलेलं जवळचं रूप मग मी कायम तेच म्हणते, रोज नवा प्रयोग करत नाही.

पण नाव बिघडतं ते बहुतेक वेळा या दुर्मीळ आवाजामुळे नाही. अक्षरांची संख्या चुकते, ऱ्हस्व-दीर्घ उलटं होतं, पहिलं व्यंजन भलतंच होतं. या तिन्ही गोष्टी कुठल्याही मराठी माणसाला जमतात. "याळिनी" म्हणणाऱ्याचा ऴ चुकला तरी ती मागे वळून बघते. "यझनी" ला ती वळत नाही.

टीममधले बाकीचे लोक चुकीचं म्हणतात. मी त्यांना टोकू का?

सगळ्यांसमोर टोकलंत तर बिचारी नाववालीच संकोचते. पुढच्याच वाक्यात तुम्ही ते नाव बरोबर म्हणा : "हो, याऴिनीनेच ते पाठवलंय." दोन-चारदा झालं की कानाला सवय होते. साहेबच चुकत असतील तर मीटिंगनंतर बाजूला घेऊन सांगा, आणि कागदावर देवनागरीत लिहून द्या. साहेब लोकांना लिहून दिलेलं पटतं.

माझंच आडनाव लोक चुकीचं म्हणतात. त्यांना कसं शिकवू?

माझ्या आडनावात ळ आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही घरचा आहे. हिंदी भाषक विद्यार्थ्यांना मी आधी नुसतं ऐकवते, मग जिभेचं टोक मागे वळवून ल म्हणायला सांगते. हरियाणा, राजस्थान, पंजाबकडच्यांना लगेच जमतं, कारण त्यांच्या घरच्या बोलीत ळ आहे, फक्त शाळेतल्या हिंदीत तो हरवलेला असतो. लखनौकडच्या मुलांना आठवडा लागतो. तमिळ मुलांना शिकवावंच लागत नाही. त्यांच्याकडे ऴ च्या जोडीला साधा ळही आहे. त्या तुकडीत पहिल्याच दिवशी माझं आडनाव एका दमात नीट म्हणणारी याऴिनी एकटीच होती, आणि तेही मी तिला याझिनी म्हटल्यावर पाच मिनिटांत.